दोन किल्ल्या आणि ‘योग्य ती दक्षता’

एरवी रजेचा अर्ज लिहायलाही कंटाळणारा माणूस ऑडिटरच्या शेऱ्याला उत्तर देताना एकदम कादंबरीकार होतो. एका पतसंस्थेच्या शाखेवर शेरा होता: ‘तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या रोखपालाकडेच आढळल्या.’ शाखेचा खुलासा असा: रोखपाल अत्यंत विश्वासू आहेत, शाखाधिकारी बाहेरगावाहून येतात, एसटी वेळेवर नसते, कर्मचारी अपुरे आहेत, तरी शेऱ्याची नोंद घेतली असून यापुढे योग्य ती दक्षता घेण्यात येईल.

एसटीच्या बाबतीत माझी पूर्ण सहानुभूती आहे. पण दक्षता घेणार कोण आणि कधीपासून? शिवाय रोखपालावर कुणी संशय घेतलाच नव्हता. उद्या रोकड कमी भरली, तर दोन किल्ल्या दोघांकडे असण्याचा पहिला फायदा त्याच बिचाऱ्याला आहे.

तरी सबबी लगेच खोडू नयेत, खरं कारण त्यांतच लपलेलं असतं. शाखाधिकाऱ्यांना विचारलं, “एसटी रोजच चुकते का हो?”

“छे! मी रजेवर असलो की पंचाईत होते. किल्ली द्यायची कुणाकडे?”

म्हणजे दोष एसटीचा नव्हताच, पर्यायी किल्लीधारक नेमलेला नव्हता.

मग उत्तर नव्याने लिहायला घेतलं, तेव्हा शाखाधिकारी साहेबांनी उत्साहाने जबाबदारीच्या रकान्यात स्वतःचंच पद लिहिलं. पण पर्यायी किल्लीधारक नेमण्याचा आदेश काढायचा अधिकार त्यांना नव्हता, तो मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा. ज्याच्या सहीने काम होतं, त्याचंच पद तिथे हवं, आणि तेही त्याला विचारून. तारखेच्या जागी ‘लवकरात लवकर’ होतं. सहकार कायद्याच्या कलम 82 प्रमाणे दोषदुरुस्तीचा खुलासा तीन महिन्यांत द्यावा लागतो, म्हणून काही जण तीच शेवटची तारीख टाकतात. किल्ली हातातून हातात द्यायला तीन महिने कशाला?

शेवटी उत्तर असं झालं: ‘दुसरी किल्ली 3 जूनला शाखाधिकाऱ्यांनी ताब्यात घेतली, किल्ली नोंदवहीत दोघांच्या सह्या आहेत. शाखाधिकारी रजेवर असताना किल्ली वरिष्ठ लिपिकाकडे राहील; तसा लेखी आदेश मुख्य कार्यकारी अधिकारी 15 जूनपर्यंत काढतील. अंतर्गत तपासनीस जुलैत न कळवता येऊन नोंदवही तपासतील.’ मूळ खुलाशापेक्षा जरा रुक्ष, पण यातलं प्रत्येक वाक्य तपासता येतं.

नोंदवही आली म्हणून ऑडिटर निर्धास्त होत नाहीत, हेही सांगून ठेवतो. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकेपणात ओळीने उतरल्या असतील, तर त्या एका बैठकीत झाल्या हे त्यांना पान उलटतानाच कळतं. आणि साहेब रजेवर असल्याचं हजेरीपुस्तक सांगत असताना त्याच दिवशी किल्ली नोंदवहीत त्यांची सही असेल, तर शेरा बंद होत नाही. उलट दुसरा लागतो, आणि तो पहिल्यापेक्षा कडक असतो.