बारा मिनिटांत चौतीस स्लाइडी

कागलमध्ये भाच्याच्या प्रोजेक्टचं सादरीकरण ही एकट्या भाच्याची भानगड नसते. बीईच्या शेवटच्या वर्षाला त्यानं उसाच्या रानातला ओलावा बघून मोटर चालू-बंद करणारं यंत्र केलं. परीक्षकांसमोर वेळ बारा मिनिटं आणि स्लाइडी चौतीस! त्यातली तिसरी ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ अशी. ही गोष्ट बाहेरून आलेल्या परीक्षकांना ठाऊक असावी, असं मी सुचवलं.

“मामा, इंट्रोडक्शन लागतंयच की!”

मग कापाकापी सुरू झाली. अनुक्रमणिका गेली, आभार गेले, जुन्या संशोधनाचे अकरा तक्ते एका वाक्यात बसले. उरल्या सात. शीर्षकाला अर्धं मिनिट, अडचणीला दीड, यंत्राच्या आराखड्याला दोन. ‘सेन्सर खरं बोलतो कशावरून?’ याला मात्र दोन स्लाइडी आणि सलग चार मिनिटं. चालत्या यंत्राच्या चित्रफितीला दीड, कारण प्रत्यक्ष दाखवायला गेलं की नेमकी तेव्हाच वायर निघते. मर्यादांना दीड. झाली अकरा, बारावं मिनिट प्रोजेक्टरच्या केबलला वाहिलेलं. रिलेनं पाच एचपीची मोटर थेट का चालवत नाहीत, मध्ये कॉन्टॅक्टर का लागतो, असल्या प्रश्नांची उत्तरं शेवटच्या स्लाइडीमागं लपवून ठेवली. विचारलं तरच काढायची.

चार मिनिटांचं भांडण मोठं झालं. भाच्याला प्रोग्रॅम ओळीन् ओळ दाखवायचा होता. पण काम खरं झालं होतं ते मातीत. रानातल्या मातीचे कमी-जास्त ओले नमुने घेऊन, सेन्सरचा आकडा टिपून, माती वजन करून 105 अंशांवर चोवीस तास ओव्हनमध्ये वाळवायची आणि पुन्हा वजन करायची. घटलं तेवढं पाणी. त्याला सुक्या मातीच्या वजनानं भागलं की खरा ओलावा. आडवा सेन्सरचा आकडा, उभा हा ओलावा, असा एकच आलेख; त्यावर बोट ठेवून बोलायचं.

रंगीत तालमीला परीक्षक म्हणून आजोबा बसले. आलेख येईपर्यंत त्यांनी दोनदा जांभई दिली. मग विचारलं, “काळ्या रानाला भेगा पडल्यावर काय करतंय रे हे?”

भाचा गप्प. सेन्सरची पट्टी मातीला चिकटून असेल तोवर आकडा खरा. भेग पडून पट्टीशेजारी हवा शिरली, की शेजारची माती ओली असली तरी सेन्सर ‘कोरडं’ म्हणून बोंबलतो आणि मोटर उगाच पाणी ओतत राहते. ओव्हनसाठी माती डब्यात दाबून भरलेली, तिथं भेग कुठली पडायला!

मर्यादांच्या स्लाइडीवर ‘भविष्यात मोबाइल ॲप करू’ असं होतं. ते खोडून तिथं भेगांचा फोटो आला, खाली उपाय: दोन-तीन जागी सेन्सर लावायचे, आणि एकटाच ‘कोरडं’ म्हणत असेल तर मोटर लावायची नाही.

आजोबांनी मग आपलं नाव कुठं आहे ते विचारलं. आभाराची स्लाइड आम्ही पहिल्याच तासाला कापलेली. आता फोटोखाली बारीक अक्षरात ‘रान: आजोबांचं’ असं आलंय, आणि ते दिसत नाही म्हणून आजोबा अक्षर वाढवायला सांगतायत.