सकाळी सहाला येणारं पत्र

बाईसाहेब, उठलात? आज सीए फायनलचा अप्रत्यक्ष कराचा पेपर. दुपारी दोनला आहे, म्हणजे घाबरायला अख्खी सकाळ मोकळी. तीन महिन्यांपूर्वीच हा मेल शेड्यूल करून ठेवलाय, कारण आज तू ‘मी ह्या भानगडीत पडलेच कशाला?’ असं विचारणार, हे मला ठाऊक आहे.

सांगते. पप्पांच्या हार्डवेअरच्या दुकानात रंगाचे डबे आले होते. माल एक लाखाचा, वर 18 टक्के जीएसटी. पप्पांनी 18 हजारांसकट चुकते केले. व्यापाऱ्याने मात्र ते बिल स्वतःच्या विवरणात दाखवलंच नाही. मग ते पप्पांच्या GSTR-2B मध्ये कुठून उमटणार? क्रेडिट अडकलं. पावती हातात, माल फडताळात, आणि कायदा म्हणे, समोरच्याने भरेपर्यंत थांबा! पप्पा पक्कं बिल नाचवत राहिले. तुला वाटलं, हे शिकून आपण सोडवू.

शिकलीस. आता कळतं की कायदा खरंच तसाच आहे.

आणि नियम आपल्यालाही सोडत नाहीत. ग्रुपमध्ये 70, 68 आणि 39 आले, तर बेरीज 177, हवे होते 150. तरी नापास, कारण प्रत्येक पेपरात 40 लागतात. साठीपुढच्या दोन पेपरांतून पुढच्या तीन प्रयत्नांसाठी सूट, एवढाच दिलासा.

प्रवेशपत्र पिशवीत टाक. तो व्यापारी अजून उधारीवर रंग मागवा म्हणतोय.