पत्राची पाठ

दुकान टाकून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मी मार्केट यार्डातल्या भुसार विभागातल्या एका तांदळाच्या ठोक व्यापाऱ्याला पत्र लिहिलं. ‘सा. न. वि. वि.’ घातलं, जीएसटी क्रमांक घातला, आणि ‘आपल्या पेढीशी ऋणानुबंध जुळावेत’ असंही लिहिलं. बायको म्हणाली, “स्थळ पाहताय की तांदूळ?” मागण्या तीन होत्या: खातं उघडावं, सात जातींचे किलो-किलो नमुने द्यावेत आणि इंद्रायणीचे १० कट्टे महिन्याच्या उधारीवर द्यावेत.

पत्र मी हातोहात नेऊन दिलं. शेठनी ते उभ्याउभ्या वाचलं. “सात किलो? नमुना हवाय की महिन्याचं रेशन?” त्यांनी दोन पोत्यांत टोकदार नळी खुपसून मूठ-मूठभर दाणे काढले आणि दोन पुड्या बांधल्या. एकीवर ‘जुना’ लिहिलं, दुसरीवर ‘नवा’. “दोन्ही शिजवा. नवा चिकट होतो, पाणी कमी लागतं. गिऱ्हाइकाला सांगितलं नाहीत, तर तुमच्या नावाने खिमट खाईल. आणि थोडे दाणे पुडीत ठेवा, कट्टा आला की ताडून बघायला.”

मग उधारी. “रोज किती विकता?”

“चार किलो,” मी जरा फुगवूनच सांगितलं.

शेठनी माझं पत्र पालथं केलं आणि पाठीवर हिशेब मांडला. कट्टा २६ किलोचा. (२५ किलोपर्यंतच्या छापील पिशवीवर जुलै २०२२मध्ये ५ टक्के जीएसटी लागला आणि बाजारातले कट्टे एका किलोने जाड झाले.) दहा कट्टे म्हणजे २६० किलो, चार किलोंनी ६५ दिवसांचा माल. भाव रोखीने ५८, उधारीने ५९. “तिसाव्या दिवशी तुमचे १२० किलो गेलेले असतील. ६४ने विकलेत तर गल्ल्यात ७,६८०. माझं देणं १५,३४०. बाकीचे कुठून आणणार, ऋणानुबंधातून?”

मी गप्प. घरभाडं आणि वीजबिल त्यांनी धरलंही नव्हतं.

“तीन कट्टे न्या. ७८ किलो, वीस दिवसांत संपतील. एकवीस दिवसांची मुदत देतो.”

तेवढ्यात माझं एक चुकलंच. मी विचारलं, “आणि माझं खातं?” शेठनी चष्म्यावरून पाहिलं आणि हमालाला हाक मारली.

चार किलोंचा आकडा फुगवलेला असल्यामुळे एकविसाव्या दिवशी अर्धा कट्टा शिल्लकच होता. चार हजार सहाशे दोन रुपये मी घरखर्चातून भरून पुरे केले आणि सकाळीच नेऊन दिले. तेव्हा कुठे शेठनी वही काढून माझ्या नावाचं पान घातलं. तोवर माझी उधारी माझ्याच पत्राच्या पाठीवर लिहिलेली होती.