माणूस कल्याणला पोचलाय

माणसं पुरवणारे भाऊ तुम्हाला माहीत असणारच. शहाडपासून अंबरनाथपर्यंत ज्या ज्या कारखान्याला गेट आहे, त्या त्या गेटबाहेर ते मोटारसायकल स्टँडवर लावून कुणाला तरी फोन लावत उभे असतात. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल आणि काखेत एक फुगलेली डायरी. त्या डायरीत वेगवेगळ्या कंपन्यांचे गेटपास रबरबँड लावून ठेवलेले असतात. व्हिजिटिंग कार्डावर स्वतःच्या नावापुढे ‘एंटरप्रायझेस’ आणि खाली सेवांची यादी: लेबर, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, पेस्ट कंट्रोल. अगदी तळाला, जागा उरली म्हणून, ‘लग्नकार्यासाठी वाढपी मिळतील’.

आमच्या पॅकिंग खात्यासाठी भाऊंशी करार झाला तो रोज चौदा हेल्परचा. सकाळी सातची पाळी. सव्वासातला मी गेटवरचं रजिस्टर बघायचो, तर नऊ, फार तर दहा सह्या. मग फोन.

“भाऊ, चार माणसं कमी आहेत.”

“निघालीत साहेब. कल्याणला पोचलीत.”

आता आमचा कारखाना शहाडला, आणि कल्याणनंतर कसाऱ्याच्या बाजूला पहिलंच स्टेशन शहाड. लोकलने पाच मिनिटांचाही रस्ता नाही. चालत निघालेला माणूसदेखील चहाच्या सुट्टीपर्यंत पोचायला हवा. पण भाऊंचा माणूस एकदा कल्याणला पोचला की तिथून पुढे सरकत नसे. नऊ वाजता विचारलं तरी कल्याण, अकराला विचारलं तरी कल्याण. भाऊंच्या हिशेबाने कल्याण स्टेशनात आमच्या पॅकिंग खात्याची एक कायमची पाळीच चालू असावी.

एकदा मी जरा आवाज चढवला, तेव्हा त्यांनी खुलासा केला. “साहेब, पोरगा नवीन आहे. चुकून कर्जत गाडीत बसला. विठ्ठलवाडीला उतरवलाय त्याला. परत कल्याणला येतोय.” कल्याणला गाड्यांना फाटे फुटतात, तेव्हा हे पटण्यासारखं होतं. पण ज्या पोराबद्दल हे सांगितलं तो टिटवाळ्याचा. टिटवाळ्याहून येताना शहाड आधी लागतं आणि कल्याण नंतर. मी हा भूगोल त्यांच्यापुढे मांडला. भाऊ क्षणभरही अडखळले नाहीत. “झोप लागली असेल हो साहेब. रात्रपाळी करून आलाय ना. पुढे गेला कल्याणला.”

रात्रपाळी? कुठली? तिथे मात्र फोनची रेंज गेली.

गैरहजेरीचं त्यांच्याकडे कॅलेंडर होतं. पौषात म्हशाची जत्रा लागली की मुरबाडकडची पोरं नाहीत. होळीला उत्तरेकडची नाहीत. मे महिन्यात लग्नं. जुलैत भातलावणी, तेव्हा शहापूर-मुरबाडचा जो तो चिखलात. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच चीड यायची. जत्रेची तारीख पंचांगात असते, ती भाऊंनाच काय ती सकाळी सव्वासातला कळायची.

“आला नाही तर बिल लावत नाही मी, तुमचं नुकसान काय?” हा त्यांचा हुकमी प्रश्न. आमच्या शेठनाही बरेच महिने हे पटत होतं. प्रत्यक्षात न आलेला माणूस फुकट पडत नाही, आलेल्यापेक्षा महाग पडतो. माल त्याच दिवशी ट्रकमध्ये चढायचा असतो, म्हणून कायम कामगारांना थांबवावं लागतं, आणि ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यावा लागतो. म्हणजे हेल्परचा एक रोज वाचवायचा आणि त्याच्याहून जास्त पगार असलेल्या ऑपरेटरला त्याच कामाचे दुप्पट मोजायचे. हा हिशेब एका कागदावर मांडून शेठच्या टेबलावर ठेवला, तेव्हा कुठे “करार काढा बघू” असा हुकूम आला.

करार मोडायला भांडण लागत नाही, कागद लागतात. भाऊंच्या बिलासोबत त्यांचा हजेरीपट यायचा. तो मी गेटच्या रजिस्टरशी एकेक तारीख लावून ताडून पाहिला. गेटवर ज्या दिवशी सही नाही, त्या दिवशी हजेरीपटावर एका माणसाचा ‘पी’ होता. भाऊंना बोलावलं. त्यांनी दोन्ही कागद उलटसुलट पाहिले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे साहेब. माणूस घरून निघाला की मी हजेरी लावतो.”

“आणि तो पोचला नाही तर?”

“पोचला ना. कल्याणला.”

याहून गंभीर भानगड दुसरीच निघाली. एक हेल्पर गावी गेला की त्याचा चुलतभाऊ त्याच गेटपासवर यायचा. फोटो जुना, चेहरे सारखे, वॉचमनने कधी विचारलं नाही. पण पीएफ आणि ईएसआय भरलं जातं पासावरच्या नावाने. चुलतभावाचं बोट पॅकिंग मशिनीत गेलं असतं तर ईएसआयच्या दवाखान्यात तो कोण म्हणून जाणार होता? कागदोपत्री तो त्या दिवशी आमच्या कारखान्यात नव्हताच. गैरहजेरी एक वेळ चालवून घेता येते, भलत्याच नावाची हजेरी नाही. त्या दिवशी माझ्यापुरता निर्णय झाला.

पुढचं सगळं रीतीने केलं. तारीखवार कमी आलेल्या माणसांचा तक्ता जोडून आधी लेखी ताकीद, मग दुसरी. सुधारणा नाही म्हटल्यावर करारातल्या कलमाप्रमाणे तीस दिवसांची नोटीस, पोचपावती घेऊन. सुपरवायझरला मी बजावलं की पोरांना ‘उद्यापासून येऊ नका’ हे आपण म्हणायचं नाही, ते भाऊंनीच सांगायचं. माणूस भाऊंचा असताना आपण त्याला काढायला लागलो, तर तो आपलाच कामगार होता असं म्हणायला उद्या जागा राहते. शेवटचं बिल मात्र पीएफ-ईएसआयची चलनं आणि पगाराचा तक्ता हातात आल्याशिवाय सोडायचं नाही, असं ठरलं. कारण ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा, असं १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ते आहे. आणि एकदा परागंदा झालेल्या ठेकेदाराकडून वसुली करायला निघालात, तर तो कुठे पोचलेला असेल हे मी सांगायला नको.

नोटिशीची मुदत संपली त्या दिवशी भाऊ येणार नाहीत, अशी कारखान्यात पैज लागली होती. पण ते वेळेवर आले. त्यांच्या बाबतीत ही घटना आम्ही प्रथमच पाहत होतो. कँटीनच्या टेबलावर त्यांनी डायरी उघडली आणि एकेका पोराला बोलावून बँकेत पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याच्याच मोबाइलवर दाखवायला लावला. मी शेजारी बसून तक्त्यावर खूण करत होतो. गेटपास परत, सेफ्टी शूज परत, सही. डायरीच्या मागच्या पानांवर उचल लिहिलेली होती. तिथे नावं आणि आकडे तर होतेच, पण पुढे बारीक अक्षरात कारणंही होती: ‘आईचं ऑपरेशन’, ‘घरावर पत्रे’, ‘बहिणीचं लग्न’. एका पोराची बरीच मोठी उचल बाकी होती. आता भाऊ ती कापणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. भाऊंनी पान उलटलं. “पुढच्या साइटवर वळती करू रे. आधी आईला घरी आण.”

चौदा जणांचा पगार चुकता झाला, आणि आमच्याकडचं त्यांचं आदलं बिल अजून निघालेलंच नव्हतं. करारात तीस दिवस लिहिलेले, आमच्या हिशेबखात्याकडून पैसे सुटायचे तिसऱ्या महिन्यात. मधल्या काळात भाऊ खासगी व्याजाने पैसे उचलून पगार भागवायचे. ज्या महिन्यात तेही जमायचं नाही, त्या महिन्यात पगार पुढे जायचा, आणि पोरं भिवंडीच्या गोडाऊनला जायची, कारण तिथे आठवड्याला पैसे मिळतात. सणासुदीच्या सेलच्या दिवसांत तर रोखीने आणि रात्रपाळीचे वेगळे. टिटवाळ्याच्या पोराची रात्रपाळी कुठली, याचा उलगडा असा झाला. माणसं नाहीत हे भाऊ सांगू शकत नव्हते, आणि का नाहीत हे तर त्याहून नाही. बिल अडवून बसलेल्या गिऱ्हाइकाला ‘तुझ्यामुळे’ असं तोंडावर कोण सांगतो? त्यापेक्षा कल्याण बरं.

जाताना भाऊ हिशेबखात्याच्या खिडकीशी थांबले. “चेकचं काय झालं साहेब?”

आमचा अकाउंटंट मान वर न करता म्हणाला, “निघालाय. सहीला गेलाय.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे कल्याणला,” म्हणाले, आणि खरोखर मनापासून हसले.

नव्या एजन्सीचं ऑफिस ठाण्याला आहे. त्यांचा प्रतिनिधी बूट घालून येतो, हजेरी बोटाच्या ठशावर लागते, त्यामुळे चुलतभावांची सोय बंद झाली. दर भाऊंपेक्षा जास्त आहे. पहिल्या दिवशी गेटवर उभा राहिलो तर आलेल्यांतले निम्मे चेहरे ओळखीचे निघाले. शहाड, आंबिवली, टिटवाळा इथली पोरं तीच, फक्त पासावरचं नाव बदललं होतं. पहिले दोन महिने हजेरी चोख होती. तिसऱ्या महिन्यात, त्यांचंही पहिलं बिल आमच्याकडे अडकल्यावर, गेटवर पुन्हा दहाच सह्या दिसायला लागल्या.

तेव्हा तुमच्याकडेही असे कुणी भाऊ असतील आणि त्यांना नारळ द्यायचा विचार चालू असेल, तर जरूर द्या. रजिस्टर ताडून पाहा, लेखी ताकीद द्या, मुदत पाळा, शेवटच्या पगाराला स्वतः हजर राहा. फक्त नोटिशीवर सही करण्याआधी त्यांचं शेवटचं बिल कोणत्या तारखेचं आहे आणि त्याचे पैसे कधी गेले, एवढं हिशेबखात्यात जाऊन बघून या.