प्रमाणपत्र आणा, आठवणी आम्ही देऊ

बडोदा कॉलेजच्या घुमटाखाली ज्यांनी तारुण्य आणि वडिलांचे पैसे सारख्याच उत्साहाने उडवले, त्या सर्व माजी विद्यार्थ्यांना स्नेहमेळाव्याचं सप्रेम निमंत्रण!

तारीख : उत्तरायणानंतरचा पहिला रविवार. परदेशातली मंडळी तेव्हा लग्नं, पतंग आणि दातांची कामं उरकायला बडोद्यात असतातच. त्याच तिकिटात गहिवरूनही घेता येईल.

वेळ : सकाळी १०. म्हणजे सेव-उसळ खाऊन साडेअकरा. प्रमुख पाहुणे साडेबाराला येतील, कारण तेही इथलेच माजी विद्यार्थी आहेत.

स्थळ : गावाबाहेरचा एक पार्टी प्लॉट. ज्या घुमटासाठी जीव कासावीस होतो, त्याच्याखाली तीनशे गाड्या लागत नाहीत. म्हणून रॉबर्ट चिझमचा घुमट फ्लेक्सवर छापून मंचामागे लावू. फोटोत फरक कळत नाही. मुंबईकरांसाठी सूचना : निमंत्रणातलं ‘शीतपेय’ म्हणजे शीतपेयच. हा गुजरात आहे.

नोंदणी : क्यूआर कोड स्कॅन करा, फॉर्म भरा, पदवी प्रमाणपत्राची प्रत आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जोडा. इथल्यांना दर रुपयांत, परदेशस्थांना डॉलरमध्ये. आठवणी दोघांना सारख्याच मिळतील.

प्रवेशद्वारावर ‘आपला वारसा’ म्हणून दोन मोठे फोटो असतील. त्यांतले अरविंद घोष इथे शिकवत होते. ‘विद्यार्थी’ या रकान्यात ते बसत नाहीत, तरी त्यांना पाहुण्यांच्या पासवर आत घेता येईल. अडचण विनोबा भाव्यांची आहे. १९१६ साली हा मुलगा इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि थेट काशी गाठली. निघण्याआधी बडोद्याच्या घरात आईसमोर प्रमाणपत्रं चुलीत घालून मोकळा झाला होता.

समितीने त्यांच्या प्रकरणाचा सहानुभूतीने विचार केला. फॉर्ममध्ये ‘प्रमाणपत्र हरवले’ हा पर्याय आहे, त्यासाठी पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत लागते. ‘स्वतः जाळले’ असा पर्याय नाही. उत्तीर्ण झाल्याचं वर्ष रिकामं ठेवलं तर फॉर्म पुढच्या पानावर जातच नाही. त्यावर एका सभासदाने सुचवलं की, त्यांना ‘सोबत आलेले कुटुंबीय’ म्हणून अर्ध्या दरात घ्यावं. पण कुणाचे कुटुंबीय, यावर एकमत झालं नाही. वर्षानुवर्षं लोकांकडून जमिनी मागून वाटून टाकणारा माणूस देणगीच्या पाकिटात काय घालणार, असाही मुद्दा खजिनदारांनी उपस्थित केला.

अखेर तोडगा निघाला. विनोबा फोटोत राहतील, हारासह. फोटोशेजारी सेल्फी पॉइंट असेल. बाकीच्यांनी दारात मूळ प्रमाणपत्र दाखवावं. झेरॉक्स चालणार नाही, त्यागाची तर मुळीच नाही.