मोहरी तडतडली की…

पाककृतीच्या पुस्तकांत एक ओळ हमखास असते. तेल तापलं की मोहरी घालावी, ती तडतडली की जिरं, हिंग, हळद घालून फोडणी करावी. आमटीचं सगळं बरंवाईट याच ओळीत ठरतं, आणि लेखिका मात्र ती घाईघाईनं उरकून बारीक चिरलेल्या कांद्याकडे वळते. कांद्यात लपवण्यासारखं काही नसतं ना. पण तडतडली म्हणजे पहिला दाणा तडतडला, की शेवटचा? जिरं मग टाकायचं, की लगेच? आणि हळद टाकल्यावर किती वेळ हातावर हात ठेवून उभं राहायचं? याबद्दल पुस्तक गप्प.

माझी आत्या भाटघरला राहते. धरणाच्या खालच्या अंगाला घर आहे. घरात गॅस आहे, पण मागच्या पडवीत चूलही आहे, आणि पिठलं चुलीवरच होतं. हिंजवडीत नोकरी करणारा माझा आतेभाऊ शनिवार-रविवारी येतो. त्याला प्रत्येक गोष्टीचा आकडा लागतो. एका पावसाळी संध्याकाळी तो फोनवरचं घड्याळ लावून चुलीशी उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मोहरीला नेमके किती सेकंद?"

"ती गप्प होईपर्यंत," आत्या म्हणाली.

या उत्तरावर तो नाराज झाला. मला मात्र ते फार नेमकं वाटलं. मोहरीचं सगळं काम तिच्या आवाजातच असतं. दाणा वाटोळा, साल टणक, आणि आत थोडासा ओलावा. तापलेल्या तेलात त्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, दाब वाढत जातो आणि साल फुटते. भाटघरच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, कुणी जाऊन उघडावे लागत नाहीत. मोहरीचंही तसंच. तिची पातळी गाठली गेली की ती फुटते, तुम्ही घड्याळ लावून उभे असा नाहीतर नसा. आणि सगळे दाणे एकदम फुटत नाहीत. आधी एखादा, मग दोनचार, मग एकच कल्लोळ, आणि मग पुन्हा तुरळक. हा दुसरा तुरळकपणा आला की मोहरी झाली. पहिल्या 'तड'ला भुलून पुढचं घातलं, तर निम्मी मोहरी टणक राहते. तेल थंडावल्यावर ती मग फुटत नाही, भातातून खड्यासारखी दाताखाली येते आणि वर कडूही लागते.

आतेभावाला तरीही आकडा हवाच होता. तो असा : साधारण दोन मोठे चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, तेल 170-180 अंशांच्या आसपास तापलेलं. एवढं जमलं तर पहिला दाणा काही क्षणांतच फुटतो आणि वीस ते तीस सेकंदांत बहुतेक सगळं आटोपतं. बारीक मोहरी थोडी आधी, मोठी थोडी नंतर. पण तेल नीट तापलेलं नसेल तर हेच काम मिनिटभर चालतं, आणि त्या मिनिटात दाणे फुटायच्या ऐवजी नुसते भाजत राहतात. म्हणून आत्या सगळी मोहरी टाकायच्या आधी एक दाणा टाकून बघते. तो तळाशी नुसता बसून राहिला तर थांबायचं. दोनतीन सेकंदांत उसळला तर बाकीची टाकायची. पडताक्षणी उसळला आणि तेलावर निळसर धूर दिसला, तर कढई चुलीवरून उचलायची. घाण्याचं शेंगदाणा तेल रिफाइंड तेलापेक्षा लवकर धुरावतं, त्यामुळे घाण्याच्या तेलाच्या घरात हे शेवटचं लक्षात ठेवावंच लागतं.

जिऱ्याचं गणित वेगळं, आणि बहुतेक फोडण्या जळतात त्या इथेच. जिरं फुटत नाही. त्याला टणक साल नाही, दाब नाही, आवाजाची शिस्त नाही. लांबट, बारीक दाणा, अंगावर कंगोरे, आणि सालीतच बारीक नळ्यांमध्ये सुगंधी तेल भरलेलं. तापलेल्या तेलात ते पडलं की भोवती बुडबुडे येतात, चर्र होतं, आणि दहा सेकंदांत ते शेंगदाण्याच्या टरफलाआतल्या सालीच्या रंगावर येतं. तिथंच त्याचा वास सर्वांत छान असतो. आणखी तितकाच वेळ गेला की रंग काळपट होतो, वास जळक्या कागदासारखा होतो आणि चव कडू. म्हणजे ज्या तेलात मोहरीला अर्धं मिनिट लागतं, त्याच तेलात जिऱ्याचं आयुष्य जेमतेम पंधरा सेकंद. मोहरी-जिरं एकत्र चिमटीत धरून टाकणाऱ्यांनी या दोघांची जोडी लावताना एवढं तरी बघायला हवं होतं. एक तर मोहरी कच्ची राहणार, नाहीतर जिरं करपणार. मिसळणाच्या डब्यात दोघांच्या वाट्या शेजारी असतात, हे या गैरसमजाचं मूळ असावं असा माझा संशय आहे.

मोहरी करपली की कळणं अवघड, कारण ती आधीच काळी. पण बारकाईनं बघितलं तर फुटलेली मोहरी करडी, राखाडी दिसते, आणि जळलेली पुन्हा कुळकुळीत काळी. तेवढ्यात नाकालाही कळतं. नाकाला कळलं म्हणजे मात्र उशीर झालेला असतो.

आत्या पिठल्याची फोडणी कशी करते ते सांगतो, म्हणजे वेळेचा हिशेब कुठं बसतो ते कळेल. मोहरीचा कल्लोळ ओसरला की ती कढई चुलीवरून थोडी बाजूला, वैलाकडे सरकवते. चुलीला गॅससारखी कळ नसते, त्यामुळे आच कमी करायची तर भांडंच हलवायचं. मग जिरं. ते एकदा खालीवर होतंय तोच ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची. मग हिंग, हळद, आणि हळदीचा रंग तेलात उतरेपर्यंतच्या तीनचार सेकंदांत पाण्याचा तांब्या. सगळा मोठा चर्र आवाज त्या तांब्याचा. मग उकळी, मग डाळीच्या पिठाची धार आणि गुठळ्या मोडायचा चाटू.

यातला लसूण चवीसाठी असतो हे खरंच, पण तो आणखी एक काम करतो. त्यात पाणी असतं, मिरचीतही असतं. तेलात पडल्यावर त्या पाण्याची वाफ होते, तीत तेलाची बरीचशी उष्णता खर्च होते, आणि तेल चटकन उतरतं. म्हणजे जिऱ्याला करपण्यापासून वाचवणारा ब्रेक म्हणजे लसूण. कढीपत्ताही तेच करतो, कांदा तर फारच जोरात. त्यामुळे जिरं किती वेळात जळतं या प्रश्नाचं खरं उत्तर, त्याच्यानंतर ओलं काय आणि कधी पडणार आहे, यात आहे. कांदा आधी चिरून ताटलीत तयार असेल तर जिरं जळत नाही. जिरं टाकून मग विळी शोधायला गेलात तर जळतं. फोडणी जळण्याची कारणं पुष्कळदा चुलीपाशी नसून फडताळात असतात.

हळद आणि लाल तिखट यांची तर भुकटीच. त्यांना तापलेल्या तेलात दोनतीन सेकंदांहून जास्त ठेवण्याचं काही कारण नाही. तिखट करपलं की घरातले सगळे खोकत ओसरीवर येतात, आणि शेजारच्या घरातही आज काय झालं ते कळतं.

फोडणी वरून घालायची असेल, म्हणजे वरणावर, ताकावर, काकडीच्या कोशिंबिरीवर, तर हिशेब आणखी बदलतो. इथं कढल्यात ओलं काहीच पडत नाही, म्हणजे ब्रेक नाही. शिवाय लोखंडी कढलं विस्तवावरून उतरवलं तरी बराच वेळ तापलेलं राहतं आणि आतलं जिरं भाजतच राहतं. त्यामुळे आत्या जिरं टाकायच्या आधीच कढलं उतरवते. राहिलेल्या उष्णतेत जिरं होतं, मग हिंग, हळद, आणि लगेच ओतायचं. गॅस चालू ठेवून जिऱ्याचा रंग येण्याची वाट बघणारे, कढल्यात दिसणारा रंग वरणात पोचेपर्यंत आणखी दोन छटा गडद होतो, हे विसरतात.

फोडणी जळलीच तर? तेल फेकायचं, कढलं पुसायचं, नवी करायची. दोन चमचे तेलाचा मोह इथं महागात पडतो, कारण तो कडूपणा तेलात मुरलेला असतो आणि तेल साऱ्या पातेल्यात पसरतं. गूळ वाढवून, चिंच वाढवून तो जात नाही. फक्त आमटी कडूगोडआंबट होते, आणि पाहुणा विचारतो, "वेगळं काही घातलंय का?"

आतेभावानं एक शंका काढली होती. तोरण्यावर जाऊन फोडणी केली तर वेळ बदलेल का? प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. तोरणा 1400 मीटर उंच. तिथं पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ शिजायला भाटघरपेक्षा जास्त वेळ लागतो. पण तेलाला उंचीची फिकीर नसते, ते हवं तितकं तापतं. म्हणजे तोरण्यावर डाळीची वाट बघत बसावं लागेल, फोडणी मात्र नेहमीच्याच वेगानं जळेल. हे ऐकून आत्या म्हणाली, "गडावर जाताना भाकरी आणि चटणी न्यावी."

पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. भोर-वेल्ह्याच्या पावसात मिसळणाचा डबासुद्धा दमट होतो. ओल्या चमच्यानं काढलेली मोहरी तेलात पडली की लगेच आवाज येतो, पण तो दाणा फुटल्याचा नसतो, वरच्या पाण्याचा असतो. तो चरचर करत येतो, तेल उडवतो, आणि दाणे जागच्या जागी असतात. खरी मोहरी सुटी-सुटी, कोरडी फुटते आणि ओट्यापर्यंत उडते. जिची साल आधीच तडकलेली असते ती मात्र फुटतच नाही, कारण वाफ गळून जाते. अशा चारदोन दाण्यांसाठी थांबून राहिलं तर बाकीचे करपतात.

आता आतेभाऊ हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये इंडक्शनवर स्वयंपाक करतो. त्याचं भांडं रुंद आणि सपाट, त्यामुळे दोन चमचे तेल पापुद्र्यासारखं पसरतं आणि मोहरी निम्मी तेलात, निम्मी कोरड्यावर फिरते. परवा त्यानं आत्याला फोन लावला आणि फोन भांड्याजवळ धरला. तिकडे मोहरी फुटत होती, इकडे काहीच ऐकू येत नव्हतं, कारण फोन माणसाचा आवाज ठेवतो आणि बाकीचं गोंगाट समजून गाळतो.

"तेल तापलंच नाही तुझं," आत्या म्हणाली.

"अगं आई, फुटतेय! कपाटावर उडाली!"

"मग भांडं तिरकं धर, तेल एका बाजूला येऊ दे. करडी दिसतेय?"

"हो."

"तर जिरं टाक. आणि लसूण सोललेला आहे ना?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

"बंद कर आधी ते," आत्या म्हणाली.