'उद्या' म्हणजे नेमका कोणता दिवस?

प्रति,
मा. सेक्रेटरीसाहेब,
गृहनिर्माण संस्था (नाव मुद्दाम गाळले आहे), शिरोली एमआयडीसी परिसर, जि. कोल्हापूर

विषय : 'उद्या' या शब्दाचा खुलासा मिळणेबाबत.

स. न. वि. वि.

अर्जदार हे आपल्याच संस्थेचे एक सभासद असून वेळेवर मेंटेनन्स भरतात, त्यामुळे बोलण्याचा थोडाफार अधिकार त्यांना आहे असं त्यांचं मत आहे. सोमवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाच चित्रं येऊन पडली. पहिल्यावर गुलाब आणि 'सस्नेह नमस्कार' होता. दुसऱ्यावर थकबाकीदारांना लाल अक्षरांत ताकीद. तिसऱ्यावर गच्चीवर कपडे वाळत घालण्याचे नियम. चौथ्यावर 'अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव उद्या पाणीपुरवठा बंद राहील याची नोंद घ्यावी' असं आणि त्याखाली पुन्हा एक गुलाब. वेळ पाचव्यावर होती.

आता व्हॉट्सअ‍ॅपची एक खोड सेक्रेटरीसाहेबांना ठाऊक नसावी. चित्रं अशी एकगठ्ठा पाठवली की पडद्यावर चारच चौकोन दिसतात आणि उरलेली चौथ्या चौकोनावरच्या आकड्यामागे दडून बसतात. गुलाब सर्वांना दिसला, वेळ कुणालाच दिसली नाही.

खालच्या मजल्यावरचे एक सभासद फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. त्या रात्री त्यांची तिसरी पाळी होती, अकरा ते सात. पाळीत फोन लॉकरमध्ये असतो. त्यांनी नोटीस वाचली मंगळवारी सकाळी सव्वासातला, बसची वाट बघत. मंगळवारी वाचलेल्या नोटिशीतला 'उद्या' म्हणजे बुधवार, हा त्यांचा हिशेब व्याकरणाच्या कुठल्याही मास्तरांनी पूर्ण गुण देऊन तपासला असता. अंगावरची वाळू आणि काजळी घेऊन ते घरी आले, नळ सोडला, नळानं नुसता श्वास टाकला. पिंपातल्या बादलीभर पाण्यात कशीबशी आंघोळ उरकून ते झोपले. नळ उघडाच राहिला. दुपारी तीनला पाणी आलं, मोरी भरली, हॉल भरला आणि जिन्यावरून पायरी पायरीनं वाहू लागलं. घरात वहिनी नव्हत्या, पहिल्या पाळीला गेल्या होत्या. शेजाऱ्यांनी दार वाजवलं तेव्हा सभासद डोळे चोळत म्हणाले, "पानी तर उद्या बंद हाय न्हवं?"

यावर ग्रुपमध्ये सहावं चित्र आलं : 'पाण्याचा अपव्यय करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.' त्यावर मात्र गुलाब नव्हता.

अर्जदारांचा आक्षेप नम्रतेला नाही. 'कृपया', 'सहकार्य करावे', 'दिलगीर आहोत' हे सगळं नोटिशीत होतं. नव्हतं किंवा दिसलं नाही ते एवढंच : वार, तारीख, कधीपासून, कधीपर्यंत, का, आणि तोवर काय करायचं. जिथे अर्धी इमारत तीन पाळ्यांत झोपते आणि उठते, तिथे 'सकाळ' हीसुद्धा संशयास्पद चीज आहे. कुणाची सकाळ साडेपाचला डबा भरताना होते, कुणाची दुपारी दोनला.

कारणसुद्धा लपवण्यासारखं नव्हतं. गच्चीवरची टाकी धुवायची होती! हे आधी सांगितलं असतं तर लोकांनी आपणहून अंदाज बांधला असता, की काम काही तासांचं आहे आणि नंतरचं पहिलं पाणी गढूळ येईल. मोटर जळाली असती तर अंदाज वेगळा, बाहेरची मुख्य वाहिनी फुटली असती तर आणखी वेगळा. 'तांत्रिक कारण' म्हटलं की यातला एकही अंदाज बांधता येत नाही, आणि मग माणसं चढत्या आवाजात सेक्रेटरीसाहेबांना फोन करतात.

थोडा पाण्याचा हिशेब. आपल्याकडे २४ घरं, घरटी सरासरी चार माणसं धरली तर ९६. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात, म्हणजे दिवसाला जवळपास १३ हजार लिटर. आपली गच्चीवरची टाकी १० हजारांची. दिवसभर बाहेरून पुरवठा बंद असेल आणि आदल्या रात्री टाकी काठोकाठ भरलेली असेल, तरी घरटी वाटा सव्वाचारशे लिटरच्या आत येतो. हा एक आकडा अशा वेळच्या नोटिशीत असला, तर दोन गाड्या धुवायच्या की नाहीत, याचा निर्णय कारवाईच्या धमकीविना होईल.

कधी कधी वेळ खरोखरच सांगता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक कित्येक दिवस ठप्प होती, आणि उपसा केंद्रंच पाण्यात गेल्यानं चहूकडे पाणी असताना कोल्हापूरचे नळ कोरडे पडले. २०२१ च्या जुलैतही महामार्ग बंद झालाच. अशा वेळी 'पुढील सूचनेपर्यंत' लिहिणं भागच आहे, पण पुढील सूचना कधी येणार हे तरी लिहिता येतं : 'आज संध्याकाळी सातला पुन्हा कळवू.' सातला काही नवीन नसलं, तर तेही कळवावं.

आता दुसरं चित्र, थकबाकीचं. त्यात आकडा एकच होता, त्याची फोड नव्हती. एका सभासदांची तिमाही बाकी ५,४०० रुपये, तीन महिने थकलेली. संस्थेनं महिना दोन टक्के, तेही चक्रवाढीनं लावून ३३०.५२ रुपये व्याज काढलं. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज लागतं, दर सर्वसाधारण सभा ठरवते आणि तो वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. कमाल दर धरला तरी व्याज २८३.५० रुपये. फरक ४७ रुपयांचा आहे. पण त्या ४७ रुपयांसाठी ते सभासद आता ५,४०० अडवून बसले आहेत, आणि दुर्दैवानं त्यांचं बरोबर आहे. चित्राच्या तळाशी 'अन्यथा पाणी तोडण्यात येईल' अशीही एक ओळ होती. ती काढावी. वसुलीसाठी सहकार कायद्यात कलम १५४ब-२९ आहे, त्याखाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. तो मार्ग लांबचा आहे, पण त्यात कुणाची आंघोळ अडत नाही.

तक्रार करून थांबणं बरं नव्हे, म्हणून अर्जदारांनी मंगळवारची नोटीस स्वखर्चाने पुन्हा लिहिली आहे :

'मंगळवार, १३ जानेवारी. सकाळी ८ ते दुपारी ३ पाणी बंद, दोन्ही विंग. कारण : गच्चीवरची टाकी धुणे. तिसऱ्या पाळीच्या सभासदांसाठी सकाळी ८ पर्यंत पाणी सुरू राहील. त्याआधी दोन बादल्या भरून ठेवाव्यात. नळ कोरडा दिसला तरी बंदच ठेवावा. तीननंतरचं पहिलं पाणी पाच मिनिटं बादलीत धरून फरशीला वापरावं, पिऊ नये. काम लांबल्यास अडीच वाजता कळवू. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. चित्र १/३.'

शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. चित्रं पुढे पाठवली जातात, एकटी पडतात आणि भलत्याच ग्रुपात पोचतात. आपली तारीख नसलेली 'उद्या पाणी बंद' ही नोटीस शुक्रवारी शेजारच्या सोसायटीत फिरत होती आणि तिथे लोकांनी विनाकारण पिंपं भरली. तेव्हा संस्थेचं नाव, वार आणि तारीख प्रत्येक चित्रावर हवी, नुसती पहिल्यावर नव्हे. चार चौकोनांत मावतील एवढीच चित्रं असावीत. आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी तोच मजकूर जिन्याखालच्या फलकावर ठळक अक्षरांत लावावा. फलकावर सध्या २०२३ च्या गणेशोत्सवाची वर्गणी यादी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अर्जदार सभासद

ता. क. : हे पत्र लिहून होईतो ग्रुपवर नवीन नोटीस आली आहे, 'परवा लिफ्ट बंद'. चौथ्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यांना गुरुवारी की शुक्रवारी डॉक्टरांकडे न्यायचं, हे आज रात्रीच कळवावं.